एकच बाटली, दोन कुत्री: आयव्हरमेक्टिन आणि क्लोराइडची दारं

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी चारच्या सुमाराला निफाड तालुक्यातले एक द्राक्ष बागायतदार दोन कुत्री घेऊन नाशिकला माझ्या दवाखान्यात आले. शेरू जीपमधून स्वतः उडी मारून उतरला आणि दाराजवळचा कडुनिंब हुंगून आला. ब्रुनोला मात्र सतरंजीत घालून दोघांनी उचलून आणावं लागलं. जीभ बाजूला लोंबत होती, लाळेने छातीचे केस भिजले होते आणि डोळे सताड उघडे होते.

"मॅडम, औषधात भेसळ आहे," आबांनी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. "पण मग शेरूला काहीच कसं झालं नाही, तेच कळत नाही."

बाटली जनावरांच्या आयव्हरमेक्टिनची होती, एक टक्क्याची, म्हणजे एका मिलीत १० मिलिग्रॅम औषध. महिन्यापूर्वी गाईंना गोचीड झाले होते, तेव्हा आणलेली. गाईंना ती व्यवस्थित लागू पडली होती आणि थोडं औषध उरलं होतं. पुढे दोन्ही कुत्र्यांना लूत लागली. कानांच्या कडा खरखरीत झाल्या, कोपरांवरचे केस गेले, रात्रभर खाजवणं सुरू झालं. शनिवारी संध्याकाळी सहा वाजता आबांनी दोघांनाही त्याच बाटलीतून कातडीखाली इंजेक्शन दिलं.

मी वजन आणि मात्रा विचारली. आबांनी अंदाजाने दिलं असेल असं मला वाटलं होतं, पण त्यांनी हिशेब चोख केला होता. द्राक्षाचे क्रेट मोजायच्या काट्यावर दोन्ही कुत्र्यांना उभं करून वजन घेतलं होतं. शेरू १८ किलोचा, त्याला अर्धा मिली. ब्रुनो २५ किलोचा, त्याला ०.७ मिली. दोघांनाही किलोमागे जवळजवळ सारखं, ०.२८ मिलिग्रॅम औषध गेलं होतं. कुत्र्यांच्या लुतीसाठी आम्ही पशुवैद्य किलोमागे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम वापरतो. म्हणजे मात्रा बरोबर, बाटली एक, दिवस एक, आजारही एकच. फरक होता तो कुत्र्यांत. शेरू गावठी होता. ब्रुनो रफ कॉली होता, आबांच्या मुलाने पुण्याहून आणलेला, लांब नाकाचा, पांढऱ्या पायांचा.

ती जात कळताच निदान निम्मं झालं होतं. ते का, हे सांगायचं तर आधी हे औषध किड्याला कसं मारतं ते पाहावं लागेल.

मज्जापेशी आतून थोडी ऋण विद्युतभाराची असते. बाहेरून धन भाराचं सोडियम आत शिरलं की तो ऋणपणा कमी होतो आणि एका मर्यादेपलीकडे पेशी पेटते, म्हणजे पुढच्या पेशीला किंवा स्नायूला संदेश देते. क्लोराइडचं काम याच्या उलट. त्याचा भार ऋण आणि साठा बहुतेक पेशीबाहेर. क्लोराइडचं दार उघडलं की ते आत शिरतं आणि सोडियमने आणलेला धन भार तिथल्या तिथे पुसून टाकतं. संदेश येतो, पण पेशी पेटत नाही. म्हणून क्लोराइडची दारं हा मज्जासंस्थेचा ब्रेक आहे. प्रत्येक प्राण्याला तो लागतो आणि तो क्षणभर दाबून सोडायचा असतो.

गोलकृमी, गोचीड, खरजेचे किडे यांच्याकडे या ब्रेकचा एक खास प्रकार आहे. ग्लुटामेट हे रसायन येऊन चिकटलं की उघडणारी क्लोराइडची दारं. आपल्याकडेही ग्लुटामेट भरपूर आहे, पण आपल्या मेंदूत त्याने जी दारं थेट उघडतात त्यांतून धन भार आत जातो आणि पेशी उलट जागी होते. ग्लुटामेटवर चालणारं क्लोराइडचं दार पाठीचा कणा असलेल्या कुठल्याही प्राण्यात नाही. गाईत नाही, कुत्र्यात नाही, माणसात नाही.

हे दार म्हणजे पाच प्रथिनांचे तुकडे गोलाकार उभे राहून मधोमध झालेली नळी. २०११ मध्ये एका सूक्ष्म गोलकृमीतल्या या दाराची रचना आयव्हरमेक्टिन चिकटलेल्या अवस्थेत टिपली गेली, तेव्हा औषध नेमकं कुठे बसतं ते दिसलं. ते ग्लुटामेटच्या जागी बसत नाही. पेशीच्या पडद्यात बुडालेल्या भागात, शेजारशेजारच्या दोन तुकड्यांच्या फटीत ते शिरतं. सुतार लाकडाच्या चिरेत पाचर ठोकतो तसं. तुकडे एकमेकांपासून किंचित दूर होतात आणि मधली नळी उघडी राहते. ग्लुटामेट येतं, दार उघडतं, सुटून जातं आणि दार मिटतं. पाचर मात्र सुटायला फार वेळ घेते. क्लोराइड आत येतच राहतं आणि पेशी गप्प पडते.

गोलकृमीच्या घशाच्या स्नायूंवर ही दारं असतात. घसा पंपासारखा आकुंचन पावून अन्न आत ओढतो. तो थांबला की कृमीचं खाणं बंद. शरीराचे स्नायूही ढिले पडतात. हा लुळेपणा आहे, आचके नाहीत, हे ध्यानात ठेवावं, कारण पुढे तेच चित्र ब्रुनोत दिसणार आहे.

दुसऱ्या दिवशी मी शेरूच्या कानाची कड ब्लेडने खरवडली आणि ती खरवड लिक्विड पॅराफिनच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. आम्ही कधी कधी कॉस्टिक पोटॅशचं द्रावण वापरतो. त्यात खपल्या विरघळून किडा स्वच्छ दिसतो, पण तो मरतो, आणि आधी जिवंत होता का हे कळत नाही. तेलात तो जिवंत असेल तर पाय हलवताना दिसतो. मला दोन किडे सापडले. गोल, कासवासारखी पाठ, आखूड पाय. मी पाच मिनिटं नजर लावून बसले, दिव्याची ऊब वाढवली. एकही पाय हलला नाही. शेजारीच एक अंडं होतं, लंबगोल आणि शाबूत. अंड्यातल्या जिवाची मज्जासंस्था अजून घडायची असते, त्यामुळे पाचर मारायला दारच तयार नसतं. म्हणूनच लुतीत दोन आठवड्यांनी दुसरा डोस द्यावा लागतो. तोवर अंडी फुटून बाहेर आलेले किडे त्यात सापडतात.

याच कारणाने हे औषध सरसकट चालत नाही. पट्टकृमीवर त्याचा उपयोग होत नाही. जीवाणूंना मज्जापेशीच नसतात. "सगळ्या जंतांवर एकच औषध" असं कुणी सांगितलं तर जंत कुठला, हे आधी विचारावं.

ब्रुनोला काय झालं

इथवरची गोष्ट अशी: दार किड्यात आहे, आपल्यात नाही, म्हणून किडा मरतो आणि आपण वाचतो. बहुतेक ठिकाणी ही गोष्ट इथेच थांबते. पण ती इथे थांबली असती तर ब्रुनो टेबलावर पडला नसता.

ग्लुटामेटची क्लोराइड दारं आपल्यात नाहीत हे खरं. पण त्यांची भावंडं आहेत. गाबा आणि ग्लायसिन या रसायनांनी उघडणारी क्लोराइडची दारं आपल्या मेंदूत आणि मज्जारज्जूत जागोजागी आहेत. तीही पाच तुकड्यांचीच, घडण तशीच. आयव्हरमेक्टिन त्यांतही पाचर मारू शकतं, फक्त त्याला कैक पटींनी जास्त औषध लागतं. म्हणजे आपल्या पेशींत आयव्हरमेक्टिनने उघडणारं दार मुळीच नाही असं नाही. अगदी थोड्या औषधाने उघडणारं दार नाही, इतकंच.

आता हे जास्त औषध मेंदूपर्यंत पोहोचत का नाही? औषध चरबीत विरघळणारं आहे, पेशींचे पडदे ते सहज ओलांडतं. पण मेंदूच्या केशवाहिन्यांच्या भिंतींत पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप बसवलेला असतो. आत घुसणारं आयव्हरमेक्टिन तो पकडून पुन्हा रक्तात फेकतो. आपलं रक्षण करणारी ही दुसरी कडी. हिची ताकद १९९४ मध्ये नेदरलँड्समध्ये जवळजवळ अपघाताने कळली. हा पंप नसलेले उंदीर तिथे मुद्दाम तयार केले होते. उंदरांच्या खोलीत किडे झाले म्हणून नेहमीसारखी आयव्हरमेक्टिनची फवारणी केली आणि पंप नसलेले उंदीर मेले. बाकीचे ठणठणीत. मोजल्यावर ते उंदीर या औषधाला सुमारे १०० पट संवेदनशील निघाले.

कॉली जातीत निसर्गाने हेच केलं आहे. हा पंप बनवणाऱ्या एमडीआर-१ जनुकात चार अक्षरं गळालेली असतात. तिथून पुढचं वाचन घसरतं, प्रथिन मध्येच तुटतं आणि पंप तयारच होत नाही. २००१ मध्ये हे शोधलं गेलं. अमेरिकेतल्या तपासण्यांत चारपैकी साधारण तीन कॉलींमध्ये या जनुकाची निदान एक प्रत तरी बिघडलेली आढळते. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर किलोमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपासच विषबाधा दिसू लागते. ब्रुनोला ०.२८ गेलं होतं. पंप शाबूत असलेलं कुत्रं याच्या कितीतरी पट जास्त मात्रा एका वेळी सोसतं.

आबांना मी शेतातल्या भाषेत सांगितलं. विहिरीत पाणी झिरपतं ते सगळीकडेच. शेरूच्या विहिरीवर मोटर चालू आहे. ब्रुनोची मोटर जन्मापासून बंद आहे.

"म्हणजे बाटली चांगली होती?"

"बाटली चांगलीच होती, आबा."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी वजन करून दिलं होतं हो."

मला त्यांचं खरोखर वाईट वाटलं. काळजीपूर्वक वागूनही माणसाच्या हातून जे घडू शकतं, ते घडलं होतं.

पुढचे नऊ दिवस

पहिल्या तपासणीत ब्रुनोचं तापमान ३६.१ अंश सेल्सिअस होतं. कुत्र्याचं ३८ ते ३९ असायला हवं. निफाडच्या जानेवारीतली रात्र त्याने ओसरीवर काढली होती, तेही त्यात मिसळलं होतं. नाडी मिनिटाला ५४. डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण विस्फारलेल्या, टॉर्च मारला तरी जेमतेम आवळणाऱ्या. डोळ्यासमोर हात नेला तरी पापणी मिटत नव्हती. पायांना मधूनच बारीक थरथर. घरच्यांनी सांगितलेला क्रमही नेमका तोच होता: सकाळी सात वाजता लाळ आणि झोकांड्या, दुपारी भिंतीवर जाऊन आदळला, तीननंतर उठलाच नाही.

कातडीखाली दिलेल्या या औषधाची रक्तातली पातळी दीड-दोन दिवस चढत राहते. म्हणजे आणलं तेव्हा ब्रुनो सगळ्यात वाईट अवस्थेला अजून पोहोचलाही नव्हता. मी घरच्यांना तसं स्पष्ट सांगितलं. सोमवारी रात्री तो पूर्ण बेशुद्धीत गेला, श्वास मिनिटाला आठवर आला आणि त्याला ऑक्सिजन लावावा लागला.

उतारा म्हणून देता येईल असं खात्रीचं औषध नाही. पाचर उपटून काढणारं काही आपल्या हातात नाही. गाबाचीच दारं बंद पाडणारी रसायनं आहेत, पण त्यांनी झटके येतात आणि गुण व घात यांतलं अंतर फार कमी असतं. शिरेतून चरबीचं पांढरं द्रावण देण्याची एक पद्धत आहे. चरबीत विरघळणारं विष रक्तातल्या त्या चरबीत ओढलं जाईल ही कल्पना. मी ते दिलं, फरक पडला नाही. दोन्ही प्रती बिघडलेल्या कुत्र्यांत ते फारसं उपयोगी पडत नाही, असा इतरांचाही अनुभव आहे.

एक चूक मात्र इथे हमखास होते. थरथर दिसली की हात डायझेपामकडे जातो. डायझेपाम गाबाचीच क्लोराइड दारं जास्त वेळा उघडायला लावतं. जो ब्रेक आधीच अडकून बसला आहे, त्यावर आणखी एक पाय. माझ्या मदतनिसाने इंजेक्शन भरूनही ठेवलं होतं. मी ते बाजूला ठेवायला सांगितलं.

मग उरतं ते सांभाळणं. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पोटाशी, सलाईन, दर चार तासांनी कूस बदलणं, पापणी मिटत नाही म्हणून डोळ्यांत मलम, लघवी झाली की अंग पुसणं. गिळता येत नव्हतं तोवर तोंडातून थेंबही दिला नाही, नाहीतर ते फुप्फुसात जातं. आबांची सून दोन दिवसांनी येऊन राहिली आणि रात्रीची कूस बदलायचं काम तिने स्वतःकडे घेतलं.

मंगळवारी मी एक चाचणी करून पाहिली. लूत लागलेल्या कुत्र्याच्या कानाची कड बोटांत धरून चोळली की मागचा पाय आपोआप खाजवायला उठतो. शनिवारपूर्वी ब्रुनोचा पाय उठत असणार यात शंका नाही. आता मी कान चोळला, पाय निपचित. त्याच्याही कानातल्या खरवडीतले किडे तसेच, पाय न हलवणारे. किडा आणि कुत्रा, दोघांच्याही पेशींत क्लोराइड शिरत होतं आणि दोघंही गप्प होते. फरक एवढाच की किड्याला पुन्हा खायला मिळेपर्यंत कुणी सांभाळत नाही. कुत्र्याला श्वास, ऊब आणि पाणी पुरवत राहिलं तर औषध हळूहळू उतरून दार मिटायला वेळ मिळतो.

सहाव्या दिवशी ब्रुनोने हाक मारल्यावर कान टवकारला. सातव्या दिवशी मान उचलली आणि हातावरची पातळ पेज चाटली. नवव्या दिवशी चारही पायांवर उभा राहिला, पडला, पुन्हा उभा राहिला. नजर सगळ्यात शेवटी परतली. तोवर तो आवाजाच्या दिशेने चालायचा आणि खुर्चीला धडकायचा.

राहिलेले प्रश्न

या काळात आबांच्या हातावरही बारीक पुरळ उठून खाज सुटली होती. त्यांनी विचारलं, याच बाटलीतलं थोडं मी घेतलं तर? माणसांनाही हेच देतात ना?

देतात. १९८७ पासून माणसांना हे औषध दिलं जातं, आणि ते शोधणाऱ्या सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं ते उगीच नाही. माणसाचा पंप सहसा शाबूत असतो. पण कुत्र्याच्या अंगावरचा लुतीचा किडा माणसाच्या कातडीत वंश वाढवत नाही. कुत्रं बरं झालं की ही खाज बहुधा आपोआप जाते. शिवाय ही बाटली चारशे किलोच्या गाईला आठ मिली जावेत अशा हिशेबाने बनवलेली आहे. माणसाला एका वेळी लागणारं सगळं औषध तिच्या दीड मिलीच्या आतबाहेर संपतं, त्यामुळे चमच्याने घेतलेला अंदाज कितीतरी पट चुकतो. एवढं औषध रक्तात आलं की पंप शाबूत असूनही पुरा पडत नाही आणि माणसालाही झोकांड्या, गुंगी, बेशुद्धी येऊ शकते. आणि माणसांतही पंपाचं जनुक क्वचित बिघडलेलं असतं. नेहमीच्या एकाच डोसनंतर बेशुद्ध पडलेल्या एका १३ वर्षांच्या मुलात हे आढळल्याची नोंद २०२० मध्ये झाली आहे. तो बरा झाला. मी आबांना त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि बाटली ठेवून घेतली.

शेरूला चौदाव्या दिवशी दुसरा डोस दिला. ब्रुनोची लूत मात्र अर्धवट राहिली होती, कारण अंडी फुटणार होती. त्याला गिळता यायला लागल्यावर फ्लुरालेनरची गोळी दिली. ही गोळी किड्याच्या क्लोराइड दारांवरच जाते, पण उलट्या अंगाने: ती दारं बंद करून ठेवते. ब्रेकच लागत नाही, पेशी पेटतच राहतात आणि किडा आचके देऊन मरतो. एक औषध दार उघडं अडकवतं, दुसरं बंद. पंप नसलेल्या कॉलींनाही ती सोसते, हे तपासून पाहिलेलं आहे.

गालाच्या आतून घेतलेला नमुना जनुक तपासणीला पाठवला होता. अहवाल आला, दोन्ही प्रती बिघडलेल्या. ब्रुनोच्या कार्डावर मी लाल शाईने आयव्हरमेक्टिन लिहिलं, आणि त्याखाली जुलाबावरचं लोपेरामाइड. ते अफूच्या जातीचं औषध आहे. ते मेंदूत जात नाही ते याच पंपामुळे, आणि घराघरात पडून असतं.

चार आठवड्यांनी आबा त्याला दाखवायला घेऊन आले. कानांच्या कडांवर मऊ लव आली होती. मी कड बोटांत धरून चोळली. मागचा पाय हलला नाही. ब्रुनोने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि कान सोडवून घेतला.